कॅम्पस प्लेसमेंटपूर्वी फ्रेशरचा रेझ्युमे कसा तपासावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे वर्ग सुरू होतात आणि प्लेसमेंट सेलकडून रेझ्युमे जमा करण्याची तारीख जाहीर होते. त्यानंतरच्या आठवड्यात विद्यार्थी जे प्रश्न घेऊन येतात, त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. रेझ्युमे नव्याने कसा लिहावा यापेक्षा, लिहून झालेला रेझ्युमे जमा करण्याआधी कसा तपासावा, यावर इथे भर आहे. रेझ्युमे इंग्रजीतच द्यायचा असतो. खाली उदाहरणादाखल दिलेल्या ओळींचा फक्त आशय मराठीत मांडला आहे.

कंपनी आमचा रेझ्युमे नेमका केव्हा वाचते?

याचे उत्तर कळले की तपासणी कशासाठी करायची हेही कळते. कॅम्पसवर मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या कंपन्यांमध्ये पहिली चाळणी बहुधा रेझ्युमेवरून होत नाही. प्लेसमेंट सेलने पाठवलेल्या एक्सेल शीटमधले किंवा कंपनीच्या पोर्टलवर तुम्ही भरलेले दहावी, बारावी अथवा डिप्लोमा आणि पदवीचे गुण, तसेच चालू बॅकलॉग पाहून पात्र विद्यार्थ्यांची यादी तयार होते, आणि त्यानंतर ऑनलाइन ॲप्टिट्यूड किंवा कोडिंग चाचणी होते. अनेक मुलाखतकार तुमचा रेझ्युमे प्रथम हातात घेतात ते तुम्ही समोर येऊन बसल्यावरच, आणि तोही तुम्ही स्वतःची ओळख करून देत असताना.

म्हणजे फ्रेशरच्या बाबतीत रेझ्युमे हा मुख्यतः मुलाखतीतले प्रश्न ठरवणारा कागद असतो. मुलाखतकाराची नजर ज्या ओळीवर थांबेल, त्या ओळीवरून पहिला प्रश्न येतो. म्हणून तपासताना प्रत्येक ओळीवर बोट ठेवावे आणि स्वतःला विचारावे : इथे बोट ठेवून कोणी ‘याविषयी सांगा’ म्हणाले, तर मी दोन मिनिटे नीट बोलू शकेन का? ज्या ओळीला उत्तर ‘नाही’ असे येते, ती ओळ एकतर अभ्यास करून सांभाळावी, नाहीतर काढून टाकावी.

लहान कंपन्या, स्टार्टअप आणि कॅम्पसबाहेरचे अर्ज यांची गोष्ट निराळी आहे. तिथे रेझ्युमेवरूनच बोलावणे येते, त्यामुळे वरची चाचणी तिथे अधिकच कडकपणे लावावी.

रेझ्युमे एक पानाचा असावा की दोन पानांचा?

पदवी पूर्ण होत असलेल्या आणि नोकरीचा अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याला एक ए-फोर पान पुरते. दहा-साडेदहा पॉइंटचा फॉन्ट आणि चारही बाजूंना साधारण पाऊण इंचाचा समास ठेवला, तर एका पानावर पंचेचाळीस ते पन्नास ओळी बसतात. शिक्षण, दोन किंवा तीन प्रोजेक्ट, एखादी इंटर्नशिप, कौशल्ये आणि एक-दोन खरी यशे यांना इतकी जागा पुरेशी आहे. पानभर मजकूर बसवण्यासाठी फॉन्ट आठ पॉइंटवर आणणे हा उपाय नव्हे. छापलेला कागद वाचणाऱ्याला त्याचा त्रास होतो.

मजकूर दुसऱ्या पानावर जातो तेव्हा बहुतेकांना वाटते की आता एखादा प्रोजेक्ट काढावा लागणार. प्रत्यक्षात जागा भलत्याच गोष्टींनी व्यापलेली असते. संगणक अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचा दोन पानांचा रेझ्युमे मी तिच्याबरोबर बसून ओळी मोजत तपासला होता. दुसऱ्या पानावर सोळा ओळी होत्या. मग दोन्ही पानांवर मिळून इतर काय आहे ते मोजले. करिअर ऑब्जेक्टिव्ह तीन ओळी. वडिलांचे नाव, जन्मतारीख, लिंग, वैवाहिक स्थिती आणि कायमचा पत्ता असलेला वैयक्तिक माहितीचा तक्ता आठ ओळी. छंद तीन ओळी. ‘मेहनती’, ‘संघभावना’, ‘जलद शिकण्याची वृत्ती’ अशी सॉफ्ट स्किल्सची यादी पाच ओळी. आणि ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र, स्थळ, दिनांक आणि सही मिळून चार ओळी. एकूण तेवीस. एकाही प्रोजेक्टला हात न लावता रेझ्युमे एका पानावर आला आणि वर सात ओळी मोकळ्या राहिल्या. त्या ओळी कुठे वापरल्या ते प्रोजेक्टच्या प्रश्नात येईल.

कंपनीला जन्मतारीख किंवा पत्ता हवा असेल, तर ती तो फॉर्ममध्ये विचारते. आधार किंवा पासपोर्टचा क्रमांक तर रेझ्युमेवर कधीच नसावा, कारण हा कागद किती जणांच्या हातून जाईल यावर तुमचे नियंत्रण नसते.

करिअर ऑब्जेक्टिव्ह लिहावे का?

‘आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची आणि संस्थेची प्रगती साधणे’ या आशयाचे वाक्य असेल, तर ते काढावे. नाव झाकून तेच वाक्य वर्गमित्राच्या रेझ्युमेवर चिकटवता येत असेल, तर ते तुमच्याविषयी काहीच सांगत नाही. मात्र मेकॅनिकलचा विद्यार्थी डेटा विश्लेषणाच्या जागेसाठी अर्ज करत असेल, तर आपण या दिशेला का आलो आणि त्यासाठी काय केले, हे दोन ओळींत सांगणे उपयोगाचे ठरते.

प्रोजेक्टची नोंद चांगली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

फ्रेशरच्या रेझ्युमेवर सर्वाधिक प्रश्न याच भागावर येतात आणि सर्वाधिक विद्यार्थी इथेच अडखळतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर आहे.

नोंद वाचून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : काय बनवले, त्यात तुम्ही स्वतः काय केले आणि त्याचे काय झाले. बहुतेक नोंदींमध्ये पहिली गोष्ट असते, दुसरी नसते आणि तिसऱ्या गोष्टीच्या जागी एक न पेलणारा आकडा असतो.

वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीची मूळ नोंद अशी होती : ‘चेहरा ओळखून हजेरी नोंदवणारी यंत्रणा. पायथन आणि ओपनसीव्ही वापरून विकसित केली. अचूकता 98 टक्के.’ मी तिला इतकेच विचारले की हे 98 टक्के कशाचे? तिने सांगितले की वर्गातल्या तीस जणांची प्रत्येकी वीस, अशी सहाशे छायाचित्रे घेतली, त्यांवर मॉडेल शिकवले आणि मग तपासले. कोणत्या छायाचित्रांवर तपासले, असे विचारल्यावर ती थांबली. त्याच सहाशेवर तपासले होते. ज्या छायाचित्रांवरून यंत्रणा शिकली, तीच तिला पुन्हा दाखवली तर ती ओळखणारच. वर्गात नवीन दिवशी, नव्या प्रकाशात ती चालेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. मशीन लर्निंगची जुजबी माहिती असलेला मुलाखतकारही दुसऱ्याच प्रश्नात इथे पोहोचतो, आणि मग रेझ्युमेवरच्या बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

जमा करायला दहा दिवस होते. तिने त्याच तीस जणांची प्रत्येकी पाच नवीन छायाचित्रे वर्गात बसल्या जागी घेतली. या दीडशेपैकी यंत्रणेने 123 बरोबर ओळखली, म्हणजे 82 टक्के. ती निराश झाली होती, पण आम्ही चुकलेली सत्तावीस छायाचित्रे एकेक करून पाहिली आणि त्यातली एकोणीस खिडकीकडे पाठ करून बसलेल्यांची निघाली. मागून येणाऱ्या उजेडामुळे चेहरे काळवंडले होते. तिने छायाचित्राचा उजेड सारखा करणारी हिस्टोग्राम इक्वलायझेशनची पायरी आधी घातली आणि पुन्हा दीडशे नवीन छायाचित्रांवर तपासले. या वेळी 135 बरोबर आली. नवीन छायाचित्रे घ्यायची ती एवढ्यासाठी की पहिल्या दीडशेच्या चुका पाहूनच दुरुस्ती केली होती; त्याच दीडशेवर पुन्हा तपासणे म्हणजे जुन्याच चुकीकडे परत जाणे झाले असते.

नवीन नोंद अशी झाली : ‘चेहरा ओळखून हजेरी नोंदवणारी यंत्रणा, चार जणांचा गट, माझ्याकडे ओळख करणारा भाग. तीस विद्यार्थ्यांवर चाचणी. प्रशिक्षणात न वापरलेल्या 150 छायाचित्रांपैकी 135 अचूक. मागच्या उजेडामुळे होणाऱ्या चुका शोधून हिस्टोग्राम इक्वलायझेशनने कमी केल्या.’ आकडा 98 वरून 90 वर आला, पण नोंद कितीतरी भक्कम झाली. आता त्या ओळीवर बोट ठेवले की तिच्याकडे सांगायला एक पूर्ण हकिकत आहे : काय चुकले, का चुकले आणि काय केले. मोकळ्या झालेल्या सात ओळींपैकी तीन इथे खर्च झाल्या.

माझ्या प्रोजेक्टमध्ये मोजण्यासारखे काहीच नाही. मग काय लिहावे?

टक्केवारी म्हणजेच आकडा, ही समजूत आधी सोडावी. ग्रंथालय व्यवस्थापनाची वेब यंत्रणा बनवली असेल, तर डेटाबेसमध्ये किती टेबल्स होती, किती पुस्तकांच्या नोंदी घालून पाहिल्या, ती प्रत्यक्षात कोणी आणि किती दिवस वापरली, हे सांगता येते. बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने ‘संघाचा सदस्य’ एवढेच लिहू नये. ब्रेकचा भाग त्याच्याकडे असेल, तर मास्टर सिलिंडर कोणत्या हिशेबाने निवडला आणि ब्रेक चाचणीत चारही चाके लॉक झाली की नाही, हे लिहावे.

इतके करूनही आकडा सापडला नाही, तर साधे आणि खरे वाक्य लिहावे. ‘कार्यक्षमता 40 टक्क्यांनी वाढवली’ अशी ओळ मी वारंवार वाचतो, आणि कशाच्या तुलनेत, हे विचारले की उत्तर मिळत नाही. असा आकडा नसलेलाच बरा.

गटाने केलेल्या प्रोजेक्टचे श्रेय किती घ्यावे?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तीन-चार जण मिळून करतात आणि त्याच गटातले दोघे एकाच कंपनीच्या मुलाखतीला एकाच दिवशी बसतात, हे लक्षात ठेवावे. दोघांच्याही रेझ्युमेवर ‘संपूर्ण यंत्रणा मी विकसित केली’ असे असेल, तर कोणाचेच खरे वाटत नाही. जमा करण्याआधी गटातल्या सर्वांनी एकत्र बसून चारही रेझ्युमे शेजारी ठेवून वाचावेत. कोणाचा भाग कोणता, हे तिथे ठरवावे, आणि आकडे सगळीकडे सारखे आहेत ना, तेही पाहावे. आपला भाग अहवाल लिहिण्याचा आणि माहिती जमवण्याचा असेल, तर तसे म्हणावे. पण मग त्या विषयाचे वाचन तुमचे इतरांपेक्षा अधिक असायला हवे.

कौशल्यांच्या यादीत काय ठेवावे?

सी, सी++, जावा, पायथन, एसक्यूएल, आर, मॅटलॅब अशी एका दमात लिहिलेली यादी पाहिली की मुलाखतकार बहुधा सर्वांत सोपा वाटणारा शब्द निवडतो आणि त्यावरच खोलात जातो. पहिल्या वर्षी शिकलेले सी अजून जमते का? प्रत्येक शब्दासमोर, आपण हे कोणत्या प्रोजेक्टमध्ये किंवा प्रयोगात वापरले, असे पेन्सिलने लिहून पाहावे. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो शब्द काढावा. एसक्यूएल लिहिले असेल, तर दोन टेबल्स जोडणारी साधी क्वेरी कागदावर लिहिता आली पाहिजे. हे काम संगणकावर करता येणे आणि कागदावर करता येणे यांत बराच फरक आहे.

कौशल्यासमोर पाचपैकी चार तारे किंवा ऐंशी टक्के भरलेली पट्टी देऊ नये. ऐंशी टक्के पायथन म्हणजे किती, याला कोणाकडेच उत्तर नाही.

गुण, बॅकलॉग आणि गॅप कसे दाखवावे?

गुणपत्रिकेवर असतील तसेच दाखवावेत. सीजीपीएला दहाने गुणून टक्केवारी काढण्याची सवय धोक्याची आहे. रूपांतराचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असते, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत तफावत निघाली तर हातात आलेली नोकरीही अडचणीत येते. आपल्या विद्यापीठाचे सूत्र वापरावे, किंवा सीजीपीए जसाच्या तसा लिहावा. रेझ्युमेवरचा आकडा आणि प्लेसमेंट सेलच्या फॉर्ममधला आकडा दशांशापर्यंत जुळतो ना, हे दोन्ही कागद समोर ठेवून पाहावे.

सुटलेले बॅकलॉग रेझ्युमेवर लिहिण्याची गरज नसते. पण फॉर्ममध्ये विचारले असेल, तर ते खरे सांगावे लागते. एका वर्षाचा खंड असेल, तर वर्षे लिहून तो तसाच दिसू द्यावा आणि त्याचे कारण एका वाक्यात सांगण्याची तयारी ठेवावी. वर्षे गाळली की नजर तिकडेच जाते.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांच्या रेझ्युमेवर पुष्कळदा बारावीची ओळ रिकामी किंवा आडव्या रेघेची दिसते, कारण तो नमुना मित्राकडून घेतलेला असतो. ती ओळच काढावी आणि तिथे डिप्लोमाची शाखा, मंडळ, वर्ष आणि टक्केवारी द्यावी.

सर्टिफिकेट आणि स्पर्धांपैकी कशाला यश म्हणावे?

ज्यात कोणीतरी तुमची परीक्षा घेतली आणि तुम्ही त्यात उतरलात, ते यश. व्हिडिओ पाहून शेवटी मिळालेले प्रमाणपत्र आणि एनपीटीईएलची देखरेखीखाली केंद्रावर झालेली परीक्षा यांत फरक आहे. एनपीटीईएलच्या अंतिम गुणांत या परीक्षेचा वाटा 75 टक्के असतो. म्हणून एनपीटीईएल लिहिताना कोर्सच्या नावाबरोबर मिळालेले गुणही लिहावेत. दहा प्रमाणपत्रांच्या यादीतून अर्जाच्या जागेशी संबंध असलेली दोन निवडली, तर तीच दोन वाचली जातात.

स्पर्धेच्या बाबतीत पातळी लिहिणे आवश्यक आहे. 2017 पासून होत असलेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये आधी महाविद्यालयातली अंतर्गत फेरी होते आणि निवडलेले संघच पुढे जातात. केवळ अंतर्गत फेरीत भाग घेतलेला विद्यार्थी ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहभाग’ असे लिहितो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण वाचणारा अंतिम फेरी समजतो, आणि खरे कळल्यावर फसवल्यासारखे वाटते. ‘अंतर्गत फेरी, महाविद्यालयात दुसरा क्रमांक’ हे स्पष्ट असल्यामुळे चांगले दिसते. आविष्कार संशोधन स्पर्धेलाही हेच लागू आहे : विद्यापीठ पातळी की राज्य पातळी, ते लिहावे.

शाळेतले वक्तृत्वाचे बक्षीस आता काढावे. एनएसएसच्या शिबिरात साठ जणांच्या जेवणाचा हिशेब सांभाळला असेल, तर ते मात्र जरूर ठेवावे; जबाबदारी दिसते. नुसते ‘एनएसएस स्वयंसेवक’ म्हटल्याने ती दिसत नाही.

दोन रकान्यांचा रंगीत नमुना वापरला तर चालेल का?

कागदावर छापून द्यायचा असेल, तर फारसे बिघडत नाही. पोर्टलवर चढवायचा असेल, तर संगणक त्यातला मजकूर कोणत्या क्रमाने वाचतो, हे पाहावे लागते. पीडीएफ उघडून `Ctrl+A`, मग `Ctrl+C` करावे आणि नोटपॅडमध्ये चिकटवावे. डावीकडच्या रकान्यातला फोन क्रमांक उजवीकडच्या प्रोजेक्टच्या मधोमध आला, किंवा चित्राच्या रूपात घातलेले नाव नाहीसेच झाले, तर पोर्टललाही बहुधा तसेच दिसणार. एका रकान्याचा साधा नमुना या चाचणीत सहसा अडकत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वेगळा रेझ्युमे करावा का?

अनेक महाविद्यालयांत प्लेसमेंट सेल एकच रेझ्युमे घेतो आणि तोच सर्वांना पाठवतो. तिथे हा प्रश्न उरत नाही. जिथे बदलता येतो, तिथे दोन आवृत्त्या पुरेशा आहेत, एक सॉफ्टवेअरसाठी आणि एक आपल्या मूळ शाखेसाठी. फरक बहुतांशी प्रोजेक्टच्या क्रमात आणि कौशल्यांच्या ओळीत असतो. प्रत्येक कंपनीसाठी नवीन आवृत्ती केली, तर मुलाखतीच्या दिवशी समोरच्या कागदावर काय लिहिले आहे, हे स्वतःलाच आठवत नाही.

तपासायला कोणाला द्यावा, आणि शेवटी काय पाहावे?

दोघांना द्यावा. एक आपल्या शाखेतला, जो तांत्रिक चूक पकडेल. दुसरा वेगळ्या शाखेतला, ज्याला तुमचा विषय ठाऊक नाही. दुसऱ्याला कागद अर्धा मिनिट वाचायला द्यावा, मग काढून घ्यावा आणि विचारावे की काय लक्षात राहिले. त्याला रंग, रेघा आणि ‘मेहनती’ हा शब्द आठवत असेल आणि प्रोजेक्ट आठवत नसेल, तर प्रोजेक्ट वर आणावा. याच दोघांच्या प्रतिक्रियेवरून क्रम ठरवावा.

जमा करण्याच्या आदल्या संध्याकाळी फक्त यांत्रिक गोष्टी पाहाव्यात. रेझ्युमेवरच्या क्रमांकावर मित्राच्या फोनवरून कॉल करावा. गिटहबची लिंक ब्राउझरच्या खासगी विंडोमध्ये, म्हणजे लॉग इन न करता उघडावी. रेपॉझिटरी प्रायव्हेट राहिली असेल, तर ती तिथे दिसणार नाही, आणि उघडली तरी `README.md` रिकामी असेल, तर यंत्रणा कशी चालवायची याच्या चार ओळी त्यात घालाव्यात. फाइलचे नाव `resume_final_new2.pdf` असे नसावे. स्वतःचे नाव आणि शाखा असावी. फाइल एकदा मोबाइलवर उघडून, मोठी न करता अक्षरे वाचता येतात ना, तेही पाहून घ्यावे.